गुडघ्याच्या ऑपरेशनचं बजेट: एस्टिमेटच्या कागदापासून शेवटच्या बिलापर्यंत

सांगली जिल्ह्यात सांधा बदलायचा म्हटलं की बहुतेक जण मिरजेचा रस्ता धरतात. तासगाव, जत, कवठेमहांकाळ, अगदी कर्नाटकातूनही लोक इथं येतात. ऑपरेशन ठरतं, हॉस्पिटल एका कागदावर एक आकडा लिहून देतं आणि घरचे त्या आकड्याभोवती पैसे गोळा करू लागतात. चूक तिथंच होते. तो आकडा हॉस्पिटलचं बिल किती होईल एवढंच सांगतो. आपल्या खिशातून किती जाणार, कधी जाणार आणि त्यातलं परत काय येणार, हे त्यात नसतं. ते आपल्यालाच काढावं लागतं आणि ते काढता येतं.

एक नमुना घेऊ. तासगावच्या ६४ वर्षांच्या एक काकू आहेत असं समजा. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. मुलानं त्यांच्या नावावर ३ लाखांची आरोग्य विमा पॉलिसी काढलेली आहे. तिचं नूतनीकरण दर १ डिसेंबरला होतं. रूमचं भाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपयांपर्यंत मिळतं आणि प्रत्येक दाव्यात १० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला दहावा हिस्सा आपण भरायचा. पुढचे सगळे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या हॉस्पिटलचे आणि पॉलिसीचे आकडे त्या जागी घाला, रीत तीच राहील.

एस्टिमेट मागताना "एकूण किती?" असं विचारू नका, फोड मागा. निदान पाच भाग वेगळे दिसायला हवेत: रूमचं भाडं दिवसांसह, सर्जन-भूलतज्ज्ञ-ऑपरेशन थिएटर-नर्सिंग यांचे चार्जेस, इम्प्लांट, औषधं व तपासण्या आणि ज्यांचे पैसे विमा कंपनी देत नाही अशा वस्तू. पॅकेज असेल तर त्यात काय नाही ते लिहून घ्या. आधीच्या तपासण्या, फिजिशियनची व्हिजिट, लागलंच तर आयसीयू आणि रक्त, ठरल्यापेक्षा जादा दिवस, घरी न्यायची औषधं, वॉकर आणि घरची फिजिओथेरपी या गोष्टी बहुधा पॅकेजबाहेर राहतात. एकाच ऑपरेशनचे दोन हॉस्पिटलांचे आकडे जुळत नाहीत, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

इम्प्लांटच्या ओळीकडे नीट बघा. गुडघ्याच्या इम्प्लांटवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल किंमत ठरवून दिली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्यासाठी ती तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये होती, पुढं तिच्यात बदल होत गेले. विशेष धातूंचे आणि पुन्हा करायच्या ऑपरेशनचे दर वेगळे आहेत. बिलात इम्प्लांटची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. इम्प्लांटच्या खोक्यावरचे छोटे स्टिकर ऑपरेशननंतर केसपेपरवर चिकटवतात. त्यांची प्रत मागून ठेवा. विमा कंपनी ती मागते, आणि दहा-पंधरा वर्षांनी गुडघ्याला काही झालं तर आत कोणता भाग बसवलाय हे त्याच कागदावरून कळतं. रोबोटिक ऑपरेशन सुचवलं असेल तर त्याचा जादा खर्च किती आणि पॉलिसीत रोबोटिक शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा आहे का, हे दोन्ही विचारा. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या ५० टक्क्यांवर थांबते.

आता रूम. इथं लोकांचे सर्वांत जास्त पैसे जातात आणि डिस्चार्जच्या दिवसापर्यंत ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

काकूंच्या हॉस्पिटलात दोन बेडची रूम दिवसाला ३,००० आणि सिंगल रूम ५,००० आहे. चार दिवस राहायचं. मुलाचा हिशेब असा, की सिंगल घेतली तर रोजचे २,००० जास्त, म्हणजे आठ हजारांचा प्रश्न. आईसाठी तेवढं करू. पण ज्या पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असते, तिथं रूम मर्यादेपेक्षा महाग घेतली की कपात रूमपुरती राहत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंग या खर्चालाही तेच प्रमाण लागतं. मर्यादा ३,००० आणि घेतली ५,००० ची, म्हणजे या चार्जेसमधलेही ६० टक्केच धरले जातात.

सिंगल रूमचं बिल मांडू. रूम २०,०००, डॉक्टर-थिएटर-नर्सिंग १,००,०००, इम्प्लांट ७०,०००, औषधं-तपासण्या ३५,०००, विम्यात न मिळणाऱ्या वस्तू १०,०००. एकूण २,३५,०००. विमा कंपनी रूमचे १२,००० आणि डॉक्टर-थिएटरचे ६०,००० धरेल. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, म्हणून ते १,०५,००० पूर्ण. बेरीज १,७७,०००. त्यातून को-पेचे १७,७०० वजा. कंपनी देणार १,५९,३००, काकूंच्या घरून जाणार ७५,७००.

दोन बेडच्या रूममध्ये बऱ्याच हॉस्पिटलांत डॉक्टरांचे आणि थिएटरचे दरही खालच्या श्रेणीचे लागतात. ते ८५,००० धरू. रूम १२,०००, बाकी तेच. बिल २,१२,०००. न मिळणाऱ्या वस्तूंचे १०,००० सोडून उरलेले २,०२,००० मंजूर, को-पे २०,२००. कंपनी देणार १,८१,८००, घरचे ३०,२००.

रूमच्या भाड्यातला फरक ८,००० चा होता. खिशातला फरक ४५,५०० चा निघाला. म्हणून ॲडमिशनच्या काउंटरवर रूम निवडण्याआधी पॉलिसीतली रूमची ओळ वाचलेली असायला हवी. ज्या हॉस्पिटलात रूम बदलली तरी डॉक्टरांचे दर बदलत नाहीत, तिथं ही प्रमाणशीर कपात लावायची नसते. तसं असेल तर हॉस्पिटलकडून लेखी घ्या. काही पॉलिसींत रूमला मर्यादाच नसते, त्यांना हा त्रास नाही. दुसरी एक अडचण ऐनवेळी येते: दोन बेडची रूम रिकामी नसते आणि "आज सिंगलमध्ये राहा, उद्या हलवतो" असं सांगितलं जातं. नाइलाजानं वरची रूम मिळाली असेल तर स्वस्त रूम उपलब्ध नव्हती असं हॉस्पिटलकडून लिहून घ्या आणि बिल खालच्या श्रेणीनं लावायची विनंती त्याच वेळी करा, डिस्चार्जला नको.

न मिळणाऱ्या वस्तू म्हणजे हातमोजे, गाऊन, डायपर, ॲडमिशन किट, फाइलचे पैसे अशा बारीकसारीक गोष्टी. सुट्ट्या बघितल्या तर किरकोळ, पण मोठ्या ऑपरेशनमध्ये त्यांची बेरीज दहा हजारांच्या घरात सहज जाते. काही पॉलिसींना जादा प्रीमियम भरून या वस्तूंचं कव्हर जोडता येतं.

यानंतर वेटिंग पिरियड. सांधा बदलण्याच्या ऑपरेशनसाठी बहुतेक पॉलिसींत पहिली दोन किंवा तीन वर्षं पैसे मिळत नाहीत. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीला ही मुदत ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठीही कमाल ३६ महिनेच. गोंधळ होतो तो दोन्ही अटी एकाच गुडघ्याला लागतात तेव्हा. पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी गुडघ्याच्या झिजेचं निदान केलं असेल किंवा त्यावर सल्ला-उपचार झाले असतील, तर तो आधीचा आजार ठरतो. मग दोन्हींपैकी जी मुदत मोठी ती लागू होते. सांध्यासाठी २४ महिने लिहिलंय म्हणून पंचविसाव्या महिन्यात ॲडमिट झाल्यावर दावा नाकारला जातो, तो बऱ्याचदा यामुळे.

मुदत मोजायची पहिल्या पॉलिसीच्या तारखेपासून, मध्ये खंड पडलेला नसेल तर. वर्षाचा हप्ता एकरकमी भरत असाल तर नूतनीकरणाला ३० दिवसांची सवलत असते. ती ओलांडली आणि पॉलिसी बंद पडली, तर घड्याळ पुन्हा शून्यावर येऊ शकतं. कंपनी बदलताना पोर्टिंग केलं, म्हणजे चालू पॉलिसीच नव्या कंपनीकडे हलवली, तर काढलेले महिने सोबत येतात, जुनी सोडून नवी घेतली तर येत नाहीत. विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेचं वेटिंग नव्यानं सुरू होतं. काकूंच्या मुलानं मागच्या डिसेंबरात ३ चे ५ लाख केले असते, तरी या ऑपरेशनसाठी ३ लाखच धरावे लागले असते.

केसपेपरवरचं एक वाक्य इथं फार महाग पडतं. ओपीडीत डॉक्टर विचारतात, "किती दिवसांपासून दुखतंय?" आणि पेशंट सवयीनं म्हणतो, "झाली की आठ-दहा वर्षं." ते कागदावर 'गुडघेदुखी, १० वर्षं' असं उतरतं आणि विमा कंपनीच्या हातात पॉलिसीआधीच्या आजाराचा पुरावा म्हणून जातं. खोटं सांगायचा प्रश्नच नाही. खोटी माहिती दिली तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. पण अंदाजानं बोललेला गोल आकडाही खरा नसतो. थकून आल्यावर पाय दुखणं वेगळं, निदान होऊन उपचार सुरू होणं वेगळं. पहिल्यांदा गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे कधी गेलो आणि पहिला एक्स-रे कधीचा, हे जुन्या कागदांवरून शोधून नेमकं सांगा.

विमा नसेल, किंवा वेटिंग संपलं नसेल, तर डिपॉझिट भरण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना लागू आहे आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देते. मात्र उपचार योजनेच्या यादीत असावा लागतो आणि हॉस्पिटल त्या उपचारासाठी योजनेत असावं लागतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथं जा. पैसे भरून ऑपरेशन झाल्यावर योजनेत बसवून घेता येत नाही.

ऑपरेशनची तारीख धरताना उलटं मोजत या. सर्वांत आधी दात. ऐकायला विचित्र वाटेल, पण सांधा बदलण्याआधी तोंडातला जंतुसंसर्ग संपवणं गरजेचं असतं. किडलेल्या दातातले किंवा सुजलेल्या हिरडीतले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात, आणि तिथं संसर्ग झाला तर इम्प्लांट काढून पुन्हा बसवण्याची वेळ येते. म्हणून अनेक सर्जन आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. रूट कॅनालला दोन-तीन बैठका, वर कॅप बसायला आणखी आठवडाभर, दात काढला तर जखम भरायला काही आठवडे. म्हणजे ऑपरेशनच्या निदान दोन महिने आधी दात बघून घ्यायचे. काकूंचा एक दात काढायचा आणि एकाचं रूट कॅनाल, मिळून १२,००० धरले. हे पैसे घरचेच जाणार, कारण ॲडमिट न होता केलेला दातांचा उपचार नेहमीच्या आरोग्य विम्यात येत नाही. दातांच्या दवाखान्यात बैठकीगणिक पैसे देता येतात, तसंच ठरवा, आणि रूट कॅनालच्या दरात कॅप धरलीय का हे पहिल्याच दिवशी विचारा. बहुधा ती वेगळी असते, आणि कॅपच्या प्रकारावर तिचा दर दुप्पट-तिप्पट होतो. काढलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवायचं असेल तर ते काम महिनोन् महिने चालतं. गुडघ्याआधी ते सुरू करावं की नंतर, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवू द्या.

दुसरी गोष्ट साखर. तीन महिन्यांची सरासरी साखर जास्त निघाली तर सर्जन ऑपरेशन पुढं ढकलतात. तसं झालं की केलेल्या तपासण्या जुन्या होतात आणि पुन्हा कराव्या लागतात. ॲडमिशनआधीच्या तपासण्यांचे पैसे बऱ्याच पॉलिसी मागच्या ३० दिवसांपुरतेच देतात. म्हणून साखरेची आणि लघवीची तपासणी आधी करून घ्या, त्या ठीक आल्या की तारीख पक्की करा, आणि ईसीजी, इको, बाकीचं रक्त या महागड्या तपासण्या त्या ३० दिवसांच्या आत बसवा. काकूंचे यात ८,००० जातील, पण पावत्या जपल्या तर ते परत मागता येतील.

कॅशलेसचे कागद हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर निदान आठवडाभर आधी द्या. आधार, पॅन, पॉलिसी, उभं राहून काढलेला गुडघ्याचा एक्स-रे, सर्जनची चिठ्ठी आणि फोड केलेलं एस्टिमेट लागतं. नियमानुसार कंपनीनं पूर्वमंजुरीवर तासाभरात निर्णय द्यायचा असतो, पण कागद अपुरा असला की 'क्वेरी' येते आणि तिचं उत्तर जाईपर्यंत सगळं थांबतं. पहिली मंजुरी साधारणपणे कमी रकमेची येते, लाखभराची म्हणा. ती बघून घाबरू नका. उरलेली रक्कम डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिल गेल्यावर मंजूर होते. त्यासाठी कंपनीला तीन तासांची मर्यादा आहे. तिच्याकडून उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलनं जादा पैसे लावले, तर ते कंपनीनं द्यायचे असा नियम आहे. ही वेळ हॉस्पिटलनं अंतिम बिल पाठवल्यापासून मोजतात, म्हणून सकाळच्या राउंडला डिस्चार्ज ठरल्याबरोबर बिलिंगला बिल कधी गेलं याचा पाठपुरावा करा.

आता पैशांचे टप्पे. कॅशलेस असलं तरी हॉस्पिटल डिपॉझिट घेतं. आपला हिस्सा ३०,२०० येणार हे काढलेलं आहे, तेव्हा डिपॉझिट ३०,००० वर ठरवा आणि जास्त भरलं तर कंपनीची मंजुरी आल्यावर किती दिवसांत परत मिळणार हे पावतीवर लिहून घ्या. काकूंच्या घरून पैसे असे जातील: ऑगस्टमध्ये दातांचे १२,००० बैठकीगणिक, सप्टेंबर अखेरीला तपासण्यांचे ८,०००, ऑक्टोबरात ॲडमिशनला ३०,०००, डिस्चार्जला वरचे २००, वॉकर आणि कमोड खुर्चीचे ४,०००, आणि पुढच्या महिनाभरात घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे वीस वेळांचे ४०० प्रमाणे ८,०००. सगळे मिळून ६२,२००. पॉलिसीत तरतूद असेल तर तपासण्या आणि फिजिओथेरपीचे १६,००० को-पे वजा होऊन १४,४०० परत येतील. शिवाय अंतिम मंजुरी कमी आली तर हाताशी असावेत म्हणून २५,००० बाजूला. फिजिओथेरपीच्या पैशांत काटकसर करू नका. गुडघा नीट वाकायला लागतो तो याच आठवड्यांत, आणि तो आखडला तर पुढचा खर्च मोठा असतो.

उसाचं किंवा बेदाण्याचं बिल रोख घरात आहे म्हणून सगळं रोखीनं भरू म्हणाल, तर तसं चालणार नाही. आयकर कायद्याप्रमाणे एका कारणासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम हॉस्पिटल घेऊ शकत नाही. तीन दिवसांत तुकडे करून भरली तरी ऑपरेशन एकच असतं. विमा नसणाऱ्यांनी पैसे आधी बँकेत भरून ठेवावेत, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी धावपळ होते.

राहिला डावा गुडघा. पहिल्या ऑपरेशनचे १,८१,८०० आणि परतीचे १४,४०० गेले की ३ लाखांतले १,०३,८०० उरतात. दुसऱ्या गुडघ्याला ते पुरत नाहीत. पण विमा रक्कम दर पॉलिसी वर्षाला नव्यानं मिळते, आणि दावा ज्या तारखेला ॲडमिट झालो त्या वर्षात धरला जातो. म्हणून उजवा गुडघा ऑक्टोबरात, १ डिसेंबरला नूतनीकरण, आणि डावा फेब्रुवारीत, सर्जनला चालणार असेल तर. तोवर उसाचं बिलही आलेलं असतं. दोन्ही गुडघे एकाच वेळी करायचा सल्ला असेल तर वैद्यकीय कारण आधी, पण त्या वेळी ३ लाखांच्या वरचं सगळं आपलं, हे धरून चाला.

डिस्चार्जनंतर अंतिम बिल, डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचं बिल आणि स्टिकर, सगळे रिपोर्ट आणि मंजुरीपत्र यांच्या प्रती घेऊनच बाहेर पडा. फिजिओथेरपीसाठी सर्जनची लेखी चिठ्ठी हवी, ती नसेल तर पावत्यांना किंमत नाही. डिस्चार्जनंतरचे खर्च साधारण ६० दिवसांपर्यंत मिळतात आणि ती मुदत संपल्यावर कागद पाठवायला बऱ्याच पॉलिसी १५ दिवस देतात. कपात झाली असेल तर कोणत्या कलमाखाली झाली हे कंपनीकडून लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे फी न भरता, वकील न लावता अर्ज करता येतो. सांगली-सातारा दोन्ही त्यांच्याच कक्षेत येतात.